लांबीचा रकाना झाकून बघ

*सर, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा मिस्त्री आहेत. आधीच्या बॅचच्या एका ताईनं सोडवलेल्या एस्टिमेट शीटची जाड फाइल मला दिली. त्यातली उदाहरणं मी तीन-तीनदा लिहून काढली. तरी चाचणीत दोन खोल्यांच्या घराचं उत्तर चुकलं. गंमत म्हणजे फार चुकलं नाही, थोडंसंच. पण कुठं चुकलं तेच सापडत नाही. शेवटच्या पेपरला पाच आठवडे आहेत. ही फाइल वापरू की ठेवून देऊ?*

पोरी, फाइल ठेवून देऊ नकोस. फक्त आजपासून तिच्यातला एक रकाना कागदाची पट्टी लावून झाकायचा. लांबीचा.

कारण सांगतो. मोजमाप पत्रकात तपशील, नग, लांबी, रुंदी, उंची किंवा खोली आणि शेवटी परिमाण असे रकाने असतात. नग नकाशात दिसतात. रुंदी आणि खोली पायाच्या छेदात लिहिलेली असते. परिमाण म्हणजे गुणाकार, तो कॅल्क्युलेटर करतो. लांबी मात्र नकाशात आयती लिहिलेली नसते. नकाशात असते खोलीची आतली लांबी, आणि तिच्यापासून प्रत्येक थराची लांबी आपल्याला बनवावी लागते. ताईनं ती बनवली, पण शीटवर उतरली ती फक्त बनून तयार झालेली संख्या. ती कशी बनली ते कच्च्या कागदावर राहिलं आणि तो कागद केव्हाच गेला. तू तीनदा लिहून काढलंस तेही तयार आकडेच. त्यामुळे नवीन घरात भिंत एका जागी वाढली की हात अडखळतो.

तुझ्या चाचणीतलं घर माझ्यापुढं नाही, म्हणून एक साधं घेतो. दोन खोल्या शेजारी शेजारी. पहिली आतून ४.० बाय ३.५ मीटर, दुसरी ३.० बाय ३.५ मीटर, मध्ये एक आडवी भिंत. सगळ्या भिंती ३० सेंमी. पायाचा छेद असा: चर ०.९ मीटर रुंद, १.० मीटर खोल. त्यात ०.२ मीटर जाडीचं १:४:८ काँक्रीट. त्यावर बांधकामाचा पहिला थर ०.६ मीटर रुंद आणि ०.४ मीटर उंच, दुसरा थर ०.५ मीटर रुंद आणि ०.४ मीटर उंच. जमिनीवर जोत्याची भिंत ०.४ मीटर रुंद, ०.६ मीटर उंच. त्यावर ३० सेंमीची भिंत, ३.० मीटर उंच.

आधी सेंटर लाइन. लांब भिंतीची मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी म्हणजे ४.० + ०.३ + ३.० + ०.३. मधल्या भिंतीची पूर्ण जाडी एकदा, आणि दोन टोकांच्या भिंतींची अर्धी अर्धी जाडी मिळून एकदा. झाले ७.६ मीटर. आखूड भिंत ३.५ + ०.३ म्हणजे ३.८ मीटर. लांब भिंती दोन, आखूड तीन. एकूण १५.२ + ११.४ = २६.६ मीटर.

बहुतेक मुलं इथपर्यंत बरोबर येतात. चूक पुढच्या ओळीत होते. २६.६ ला ०.९ आणि १.० नं गुणून खोदाई २३.९४ घनमीटर लिहितात, आणि तेच २६.६ खालपासून वरपर्यंत सगळ्या थरांना लावतात. एका खोलीच्या घरात हे अगदी बरोबर असतं. तुझ्या फाइलीतली पहिली काही उदाहरणं एका खोलीची असणार, शिकवताना सुरुवात तिथूनच होते. तिथं लांबी सगळ्या ओळींत सारखी दिसते, हाताला तेच वळण लागतं, आणि दोन खोल्यांतही हात तेच करतो.

मधली भिंत लांब भिंतीला जिथं येऊन भिडते, तिथं काय होतं ते कागदावर समजायला जड जातं. बाबांच्या कामावर जा आणि लाइनआउट होताना उभी राहा. फक्कीच्या रेघा पडल्या की लांब भिंतीच्या चराच्या दोन रेघा सरळ जातात. मधल्या भिंतीच्या चराच्या रेघा त्यातल्या आतल्या रेघेपाशी थांबतात. पण तिची सेंटर लाइन आपण कुठपर्यंत मोजली? लांब भिंतीच्या मध्यापर्यंत. म्हणजे लांब चराची अर्धी रुंदी दोनदा मोजली गेली, एकदा लांब भिंतीत आणि एकदा मधल्या भिंतीत. चर ०.९ चा असेल तर ०.४५ मीटर जास्त. मधल्या भिंतीला दोन टोकं, म्हणून दोन जोड, म्हणून ०.९ मीटर जास्त. बाहेरच्या कोपऱ्यावर असं होत नाही. तिथं एका भिंतीत जो अर्धा तुकडा दोनदा येतो तेवढाच बाहेरच्या बाजूला मोजायचा राहतो आणि हिशेब फिटतो. म्हणून एका खोलीच्या घरात कपात नसते.

या घराला असे दोन टी-जोड आहेत, म्हणून प्रत्येक थराची लांबी २६.६ वजा त्या थराची रुंदी. थर बदलला की रुंदी बदलते, म्हणून लांबीही बदलते. पत्रक असं उतरतं:

| काम | लांबी | रुंदी | उंची/खोली | घनमीटर |
|---|---|---|---|---|
| चर खोदाई | २५.७ | ०.९ | १.० | २३.१३ |
| पायातलं काँक्रीट | २५.७ | ०.९ | ०.२ | ४.६३ |
| पहिला थर | २६.० | ०.६ | ०.४ | ६.२४ |
| दुसरा थर | २६.१ | ०.५ | ०.४ | ५.२२ |
| जोत्याची भिंत | २६.२ | ०.४ | ०.६ | ६.२९ |
| वरची भिंत | २६.३ | ०.३ | ३.० | २३.६७ |

आता लांबी आणि रुंदीचे रकाने एकत्र बघ. कोणत्याही ओळीत दोन्हींची बेरीज २६.६ च येते. २५.७ आणि ०.९, २६.० आणि ०.६, अशी शेवटपर्यंत. दोन टी-जोडांच्या घरात लांबी अधिक रुंदी कायम राहते. चार टी-जोड असतील तर लांबी अधिक रुंदीची दुप्पट कायम राहते. जोडच नसेल तर नुसती लांबी कायम. पेपरात ही बेरीज मनातल्या मनात दहा सेकंदांत होते. एखाद्या ओळीत ती जुळली नाही तर चूक नेमकी त्याच ओळीत आहे, सगळं पत्रक पुन्हा सोडवायची गरज नाही.

तुझी चूक का सापडली नाही तेही इथं दिसतं. २६.६ सगळीकडे लावलं तर खोदाई २३.१३ ऐवजी २३.९४ येते, फरक ०.८१ घनमीटरचा. वरच्या भिंतीत २३.६७ ऐवजी २३.९४, म्हणजे फरक फक्त ०.२७. उत्तर दिसायला ठीक वाटतं, शेजारच्याच्या उत्तराजवळही असतं, म्हणून कुणी थांबत नाही. दशांश चिन्ह सरकलं तर चूक डोळ्यात खुपते. जोडाची कपात राहिली तर ती एक ते साडेतीन टक्क्यांत लपून बसते. तपासणाऱ्याला मात्र ती लगेच दिसते. तो शेवटचं उत्तर बघायच्या आधी लांबीच्या रकान्यावरून नजर फिरवतो, आणि तिथं सहा वेळा २६.६ दिसलं की त्याला पुढचं सगळं कळतं.

या हिशेबाला एक मर्यादा आहे, ती लक्षात ठेव. वजा करायची असते ती ज्या भिंतीला जाऊन भिडलो तिची अर्धी रुंदी, स्वतःची नव्हे. वरच्या घरात सगळ्या भिंती सारख्या आहेत म्हणून फरक पडत नाही. मधली भिंत १५ सेंमीची असेल आणि तिचा पायाही वेगळा असेल, तर एकच सेंटर लाइन धरून सगळं गुणू नकोस. बाहेरच्या भिंतींचा गट वेगळा, मधल्या भिंतीचा गट वेगळा. किंवा सरळ लांब भिंत-आखूड भिंत पद्धतीनं लिही. जुन्या शीटमध्ये असं एखादं उदाहरण नक्की सापडेल. त्यात ही विभागणी केली आहे की नाही ते बघ. नसेल तर शीट चुकलेली आहे.

हो, शीटही चुकते. एका वहीतून दुसऱ्या वहीत, तिथून झेरॉक्समध्ये जाताना ०.४५ चं ०.५४ होतं, एखादी ओळ गळते, आणि पुढची पाच मुलं तो आकडा पाठ करतात. म्हणून प्रत्येक शीट दुसऱ्या पद्धतीनं एकदा पडताळून घे. या घराची पडताळणी अशी: चराच्या पातळीला लांब भिंत बाहेरून बाहेर ७.६ + ०.९ = ८.५, अशा दोन. आखूड भिंत आतून आत ३.८ – ०.९ = २.९, अशा तीन. १७.० + ८.७ = २५.७. जुळलं. वर जाताना लांब भिंत आखूड होत जाते आणि आखूड भिंत लांब होत जाते, रुंदी जितकी घटली तितकीच. पहिल्या थराला लांब भिंत ८.२ आणि आखूड भिंत ३.२. एखाद्या शीटमध्ये दोन्ही भिंती वर जाताना कमी होत असतील तर ती शीट तिथंच सोडून दे.

लांबी झाकून स्वतः बनवताना तिच्या शेजारी, शेऱ्याच्या रकान्यात, ती कशी बनली तेही लिही: २६.६ – ०.९. पेपरातही असंच लिही. वजाबाकीत घोटाळा झाला तरी पद्धत कागदावर दिसते, आणि पद्धतीचे गुण असतात.

आता कपातीकडे येतो, कारण पाठांतर दुसऱ्यांदा फसतं ते इथं. या घराला दोन दरवाजे आहेत असं समजू, एक बाहेरचा आणि एक मधल्या भिंतीत, १.० बाय २.१ मीटरचे. तीन खिडक्या १.२ बाय १.२ च्या. त्यांवर १५ सेंमी जाडीचे लिंटेल, दोन्ही बाजूंना १५-१५ सेंमी बसवलेले. दरवाजांचे १.२६ घनमीटर गेले, खिडक्यांचे १.३० घनमीटर गेले. लिंटेलची एकूण लांबी १.३ च्या दोन आणि १.५ च्या तीन म्हणजे ७.१ मीटर. तिला ०.३ आणि ०.१५ नं गुणलं की ०.३२ घनमीटर. तिन्ही मिळून २.८८. वरच्या भिंतीतून वजा केले की निव्वळ बांधकाम २०.७९ घनमीटर.

मुलं लिंटेल सोडतात आणि वर नियमही सांगतात. आय.एस. १२०० मध्ये लिहिलंय, म्हणतात, ०.१ चौरस मीटरपर्यंत कपात नाही, आणि लिंटेलचा छेद ०.३ बाय ०.१५ म्हणजे ०.०४५ चौरस मीटरच आहे. नियम खरा आहे, लावला चुकीच्या जागी. ती सूट भिंतीत घुसणाऱ्या तुळईच्या, बल्लीच्या टोकांसाठी आणि तेवढ्याच लहान भोकांसाठी आहे. लिंटेल भिंतीच्या लांबीनं झोपलेला असतो, त्याची पूर्ण जागा बांधकामातून गेलेली असते. ती वजा होणारच, दोन्ही बाजूंच्या टेकूसकट.

प्लास्टरचा नियम वेगळा, आणि इथं एकाच उघड्या जागेला दोन नियम लागतात. न्हाणीचा झरोका ०.६ बाय ०.६ मीटरचा घे. क्षेत्रफळ ०.३६ चौरस मीटर. बांधकामात तो ०.१ पेक्षा मोठा, म्हणून वजा होतो. प्लास्टरमध्ये ०.५ चौरस मीटरपर्यंत कपात नाही, म्हणून तिथं वजा होत नाही. ०.५ ते ३ चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा, म्हणजे आपले दरवाजे-खिडक्या, भिंतीला दोन्हीकडून प्लास्टर असेल तर एकाच बाजूला वजा करायची. दुसऱ्या बाजूची कपात सोडतो ती चौकटीच्या आतल्या कडांच्या बदल्यात, म्हणून कडा वेगळ्या मोजायच्या नाहीत. वरच्या घरात दोन दरवाजे ४.२० आणि तीन खिडक्या ४.३२, मिळून ८.५२ चौरस मीटर, ते एकदाच. तुझ्या फाइलीत दुकानाचं उदाहरण असेल तर शटरची जागा बघ. २.४ बाय २.१ म्हणजे ५.०४ चौरस मीटर, ३ च्या वर. तिथं दोन्ही बाजूंनी वजा करून आतल्या कडा वेगळ्या मोजून मिळवलेल्या असतील. दुकानाची शीट पाठ करून घराला लावली की कपात दुप्पट होते. म्हणून कपातीच्या प्रत्येक ओळीशेजारी त्या जागेचं क्षेत्रफळ लिहायची सवय लाव. ते क्षेत्रफळच सांगतं कोणता नियम.

किमतीच्या भागाला मी कमी वेळ देईन, कारण तिथं आकडे प्रश्नातच दिलेले असतात. पण दोन गोष्टी अडवतात.

पहिली म्हणजे गृहीत धरलेले आकडे. पायातल्या काँक्रीटचं सिमेंट काढायचं तर ४.६३ घनमीटर ओल्या काँक्रीटचं कोरं आकारमान काढावं लागतं. एका शीटमध्ये १.५२ नं गुणलेलं दिसेल, दुसरीत १.५४ नं. घाबरू नकोस, दोन्ही चालतात. १.५२ धरलं तर ७.०४ घनमीटर. १:४:८ चे भाग तेरा, म्हणून सिमेंट ०.५४१ घनमीटर. घनमीटरला १४४० किलो प्रमाणे ७८० किलो, ५० किलोच्या १५.६ गोण्या, म्हणजे १६. १.५४ धरलं तर १५.८ गोण्या, तरी १६ च. फक्त तू कोणता आकडा धरला ते उत्तराच्या आधी एका ओळीत लिही. अर्ध्या उत्तरात १.५२ आणि अर्ध्यात १.५४, असं दोन वेगवेगळ्या शीट एकत्र शिवल्यानं होतं, आणि ते मात्र चालत नाही.

विटांचंही तसंच. पेपरात घनमीटरला ५०० विटा धरतात. ती १९ बाय ९ बाय ९ सेंमीची मॉड्युलर वीट, मसाल्यासकट २० बाय १० बाय १०. एका विटेची जागा ०.००२ घनमीटर, म्हणून ५००. वरच्या २०.७९ घनमीटरला १०,३९५ विटा. तुमच्याकडच्या भट्टीची वीट या मापाची नसते आणि बाबांचा अंदाज त्या विटेचा असतो. बाबांचा हिशेब त्यांच्या कामासाठी बरोबर आहे. पेपरात विटेचं माप वेगळं दिलं नसेल तर ५०० धर. दिलं असेल तर लांबी, रुंदी, उंची या प्रत्येक मापात मसाल्याचा १ सेंमी मिळवून स्वतः काढ.

दुसरी अडचण एककाची. आपल्याकडे रेती, गिट्टी, मुरूम सगळं ब्रासमध्ये बोलतात, आणि फाइलीतली एखादी शीट कुणा ठेकेदाराच्या कागदावरून आलेली असेल तर तिच्यात दर ब्रासचा असेल. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. घनमीटरच्या परिमाणाला ब्रासचा दर लावला तर रक्कम जवळजवळ तिप्पट होते. काही जुन्या शीटमध्ये दर १० घनमीटरचा किंवा १०० चौरस मीटरचा असतो. गोषवाऱ्यात दराच्या पुढं 'प्रति' असा रकाना असतो तो याचसाठी. तो रिकामा ठेवून पुढं जाऊ नकोस. शेवटी आकस्मिक खर्च आणि देखरेखीचा खर्च टक्क्यांत मिळवायचा असतो. प्रश्नात ५ आणि २.५ टक्के दिले असतील तर दोन्ही मूळ बेरजेवर काढ. ३ लाखांवर १५,००० आणि ७,५००, एकूण ३,२२,५००. पहिल्याची रक्कम मिळवून तिच्यावर दुसरी काढू नकोस.

आता एक माझ्या नोकरीतली गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्याच भागातली आहे आणि पेपरातही येऊ शकते. नवीन असताना मला एका गावातल्या खोल्यांचं अंदाजपत्रक करायला सांगितलं. वेळ कमी होता. मी जवळच्या दुसऱ्या गावातल्या तशाच खोल्यांची शीट घेतली आणि लांबी-रुंदी बदलून तयार केली. लांबीचा हिशेब नीट केला होता. चराच्या खोलीचा रकाना मात्र जसाच्या तसा उतरवला. त्या गावात थोडं खणलं की मुरूम लागत होता, चर १.२ मीटरचा होता. आमच्या गावात काळी माती. खणत गेलो तरी मुरूम येईना. खोदाईचा दर साधारणपणे पहिल्या १.५ मीटर खोलीपर्यंतचा असतो, त्याखालच्या खोदाईला वेगळी ओळ आणि वेगळा दर लागतो. माझ्या अंदाजपत्रकात ती ओळच नव्हती. ठेकेदारानं खोदलं, मजुरांना पैसे दिले, आणि त्याचं तेवढं बिल अडकून पडलं. सुधारित अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत तो माझ्याकडे फेऱ्या मारत होता. त्याच्या हातातले मजुरीचे हिशेबाचे कागद मला अजून आठवतात.

म्हणून खोलीचा आकडा उतरवताना तो १.५ च्या वर आहे का, ते बघ. वरच्याच घरात चर १.० ऐवजी १.८ मीटर दिला असता तर खोदाई एका ओळीत ४१.६३ घनमीटर लिहून चालणार नाही. पहिले १.५ मीटर: २५.७ × ०.९ × १.५ = ३४.७०. पुढचे ०.३ मीटर: २५.७ × ०.९ × ०.३ = ६.९४. ओळी दोन, दर दोन. मातीचा प्रकार दिला असेल, मऊ माती, कठीण मुरूम, खडक, तर त्याप्रमाणेही ओळी फुटतात. तुझ्या फाइलीतल्या सगळ्या शीटमध्ये चराची खोली १.५ मीटरच्या आतच असेल, तर ही ओळ तुला तिथं कुठंच भेटणार नाही.

पाच आठवड्यांत सगळी फाइल सोडवू नकोस. पाच-सहा शीट निवड, त्यातल्या दोन तरी टी-जोड असलेल्या. प्रत्येकीचा नकाशा आधी वेगळ्या कागदावर काढ. अनेक शीटसोबत नकाशा नसतोच, तेव्हा शीटमधल्या मापांवरून घर उभं कर, ते जमलं तर शीट समजली असं मी मानतो. मग लांबी झाकून सोडव, बेरीज कायम राहते का ते तपास, दुसऱ्या पद्धतीनं एक-दोन ओळी पडताळ. आणि त्यानंतर त्याच घरात एकच गोष्ट बदलून पुन्हा कर.

तो बदल कसा असावा याचं एक उदाहरण देतो. वरचंच घर घे. खोल्यांची आतली मापं तीच, फक्त ३० सेंमीच्या सगळ्या भिंती २३ सेंमीच्या कर. सेंटर लाइन नव्यानं काढ. २६.११ मीटर यायला हवी, आणि वरच्या भिंतीची लांबी २५.८८. तुझ्या कागदावर २६.६ च राहिली असेल, तर तू लांबी बनवली नाहीस, माझ्या वरच्या तक्त्यातून उचललीस.